वातानुकूलन यंत्राची टनक्षमता

वातानुकूलन यंत्राची (प्रचलित शब्दांत, एसीची) टनक्षमता म्हणजे ते यंत्र खोलीतून दर सेकंदाला किती उष्णता बाहेर टाकू शकते याचे माप होय. खोलीत जितकी उष्णता शिरते व निर्माण होते तितकीच यंत्राने बाहेर काढली, तरच तापमान स्थिर राहते. या उष्णतेला शीतनभार म्हणतात व तो वॉट या एककात मोजतात. टनक्षमतेची निवड करणे म्हणजे वस्तुतः खोलीचा शीतनभार काढणे आणि त्याला पुरेल असे यंत्र घेणे. दुकानांतून केवळ चौरस फूट विचारून क्षमता सुचवण्याची पद्धत रूढ आहे. परंतु एकाच मापाच्या दोन खोल्यांचा शीतनभार दीडपट भिन्न असू शकतो. हा फरक कोठून येतो, हे नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या गावातील एका खोलीच्या आधारे येथे स्पष्ट केले आहे.

टन आणि वॉट

यंत्राच्या वजनाशी या टनाचा काहीही संबंध नाही. यांत्रिक शीतन येण्यापूर्वी थंडाव्याचे साधन बर्फ हेच होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून जहाजाने आलेला बर्फ मुंबईतही विकला जात असे. त्यामुळे नव्या यंत्रांची क्षमताही बर्फाच्या भाषेत सांगितली जाऊ लागली. शून्य अंश सेल्सिअसचा एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या गतीने उष्णता शोषून घेतो, ती गती म्हणजे एक टन शीतन. एक किलोग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. ९०७ ला ३३४ ने गुणून एका दिवसातील ८६,४०० सेकंदांनी भागले, की सुमारे ३.५ किलोवॉट हे उत्तर येते. प्रमाणित मूल्य ३,५१७ वॉट आहे. त्यानुसार दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॉट आणि दोन टन म्हणजे सुमारे ७,०३५ वॉट होतात.

येथे वॉट या शब्दाचे दोन उपयोग वेगळे ठेवणे आवश्यक आहे. यंत्र बाहेर टाकते ती उष्णता वॉटमध्ये मोजतात आणि यंत्र ओढते ती वीजही वॉटमध्येच मोजतात. ५,००० वॉट उष्णता बाहेर काढणारे यंत्र साधारणपणे १,५०० वॉटच्या आसपास वीज वापरते, कारण ते उष्णता निर्माण करत नाही, केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेते. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. या लेखात यापुढे येणारे वॉट उष्णतेचे आहेत.

भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रावर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे ताऱ्यांचे लेबल असते व त्यावर शीतनक्षमता वॉटमध्ये छापलेली असते. ‘दीड टन’ हे व्यापारी नाव आहे. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या यंत्रांची छापील क्षमता एकसारखी नसते. म्हणून तुलना करताना टनाकडे न पाहता या आकड्याकडे पाहावे.

मुखेडचा सूर्य

शीतनभार वर्षातील सर्वांत कठीण वेळेसाठी काढतात. मुखेड परिसरात ही वेळ मे महिन्यातील दुपार उलटल्यानंतरची असते. कमाल तापमान ४२-४३ अंशांपर्यंत जाते, हवा कोरडी असते आणि आकाश बहुधा निरभ्र असते.

मुखेड सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस याच सुमारास असतो. शीतनभाराच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. सूर्य डोक्यावर असताना उभ्या भिंतींवर ऊन फारसे पडत नाही, ते सगळे गच्चीवर पडते. सकाळी पूर्वेची भिंत तापते आणि दुपारी तीननंतर पश्चिमेची. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येते ते हिवाळ्यात, जेव्हा त्याची अडचण नसते. त्यामुळे ‘खोली दक्षिणेला आहे’ म्हणून मोठे यंत्र घेण्यास आधार नाही. डोक्यावर उघडी गच्ची आहे का आणि पश्चिमेला खिडकी आहे का, हे दोन प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

उष्णतेला आत येण्यास वेळ लागतो, हीदेखील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. साध्या काँक्रीटच्या स्लॅबमधून दुपारच्या उन्हाचा परिणाम तीन-चार तासांनी खाली पोहोचतो. नऊ इंची विटांच्या भिंतीला त्याहून अधिक, सात-आठ तास लागतात. म्हणून वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी पाचला सर्वाधिक तापलेली असते आणि पश्चिमेची भिंत रात्री जेवणे उरकल्यावरही हाताला गरम लागते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत फूट-दीड फूट मातीचा थर दिवसाची उष्णता अडवून धरत असे व ती आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असे. माळवदे जाऊन स्लॅब आले, त्याबरोबर हा विलंबही गेला.

एका खोलीचा हिशेब

उदाहरणासाठी वरच्या मजल्यावरील एक खोली घेऊ. तिची लांबी ४.२ मीटर, रुंदी ३.६ मीटर व उंची ३ मीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे १६० चौरस फुटांहून थोडे अधिक भरते. लांबीची एक भिंत पश्चिमेला असून तिच्यात १.२ मीटर लांबी-रुंदीची काचेची खिडकी आहे व तिला आतून फिकट पडदा आहे. उत्तरेची भिंतही बाहेरची आहे. उरलेल्या दोन भिंतींपलीकडे व जमिनीखाली घराचे इतर, थंड न केलेले भाग आहेत. बाहेर ४३ अंश तापमान धरू आणि आत २६ अंश हवे आहे असे मानू. खोलीत चार माणसे बसली आहेत.

भिंत, छत किंवा काच यांतून येणारी उष्णता काढण्याचे सूत्र एकच आहे:

उष्णता (वॉट) = क्षेत्रफळ × पारगमन गुणांक × तापमानातील फरक

पारगमन गुणांक म्हणजे बाहेर व आत एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर पृष्ठातून आत येणारे वॉट. प्लॅस्टर केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीसाठी तो सुमारे २, अर्ध्या विटेच्या आतल्या भिंतीसाठी सुमारे २.२, उघड्या काँक्रीट स्लॅबसाठी सुमारे ३.३ आणि साध्या काचेसाठी सुमारे ५.७ धरतात.

छतासाठी तापमानातील फरक ४३ वजा २६, म्हणजे १७ अंश धरला तर हिशेब चुकतो. उन्हात ठेवलेली काळपट गच्ची हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापते. अनवाणी पायाने दुपारी गच्चीवर गेलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. ऊन आणि विलंब दोन्ही जमेस धरून उघड्या, न रंगवलेल्या स्लॅबसाठी हा परिणामी फरक सुमारे ३० अंश घेता येतो. १५ × ३.३ × ३० म्हणजे सुमारे १,४९० वॉट. दुसऱ्या शब्दांत, उघड्या स्लॅबच्या दर चौरस मीटरमागे खाली शंभर वॉटची एक शेगडी टांगल्यासारखे आहे.

पश्चिमेच्या भिंतीचे खिडकी वगळून क्षेत्रफळ ११ चौरस मीटर आहे. तिच्यासाठी परिणामी फरक १८ अंश धरल्यास सुमारे ४०० वॉट येतात. उत्तरेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ नसते, तिच्या १०.८ चौरस मीटरसाठी १२ अंश फरकाने २६० वॉट. आतील दोन भिंती आणि जमीन यांच्या पलीकडचे तापमान ३४ अंश मानले, तर फरक ८ अंशांचा होतो व त्यांतून अनुक्रमे सुमारे ४१० व २७० वॉट येतात. उत्तरेची भिंत, आतल्या भिंती व जमीन मिळून सुमारे ९४० वॉट झाले.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी येते. तापमानाच्या फरकामुळे १.४४ × ५.७ × १७, म्हणजे सुमारे १४० वॉट येतात. याखेरीज ऊन सरळ आत येते. मे महिन्यात दुपारी चार-पाचच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या पृष्ठावर दर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडते असे धरले व त्यातील आठ दशांश काचेतून आत आले, तर ते सुमारे ६९० वॉट होतात. आतला फिकट पडदा यातील काही भाग परत फेकतो व सुमारे ६० टक्के उरतात. दोन्ही मिळून ५५० वॉट. दीड चौरस मीटरही नसलेली खिडकी अकरा चौरस मीटरच्या भिंतीपेक्षा अधिक उष्णता आत आणते, हे येथे दिसते.

दारे-खिडक्यांच्या फटींतून तासाभरात खोलीतील सगळी हवा एकदा बदलते असे मानू. ४५ घनमीटर हवा १७ अंशांनी थंड करण्यासाठी सुमारे २५० वॉट लागतात. बसलेला माणूस सुमारे १२० वॉट उष्णता सोडतो. चौघांचे ४८० वॉट होतात. दूरचित्रवाणी, पंखा व दिवा यांचे मिळून १९० वॉट धरू. यांनी वापरलेली सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता बनून राहते.

हीच खोली, याच मापाची व याच दिशेची, तळमजल्यावर असती तर काय झाले असते ते शेजारच्या स्तंभात दिले आहे. तेथे छतावर ऊन नाही, वर दुसरी खोली आहे. आणि जमीन मातीला टेकलेली असल्याने तिच्यातून येणारी उष्णता साठेक वॉटच उरते.

| उष्णतेचा मार्ग | वरचा मजला (वॉट) | तळमजला (वॉट) |
|---|---|---|
| छत | १,४९० | २६० |
| पश्चिमेची भिंत | ४०० | ४०० |
| पश्चिमेची खिडकी | ५५० | ५५० |
| इतर भिंती व जमीन | ९४० | ७३० |
| फटींतून येणारी हवा | २५० | २५० |
| चार माणसे | ४८० | ४८० |
| उपकरणे | १९० | १९० |
| एकूण | ४,३०० | २,८६० |

लेबलवरील आकडा आणि मेची दुपार

लेबलवरील क्षमता बाहेर ३५ अंश व आत २७ अंश तापमान ठेवून मोजलेली असते. बाहेरची हवा ४३ अंशांची झाली, की गच्चीवरच्या बाहेरील भागाला उष्णता टाकणे जड जाते आणि क्षमता घटते. ही घट यंत्रागणिक वेगळी असली, तरी दहा टक्के धरणे व्यवहारात सोयीचे आहे. म्हणून शीतनभाराला ०.९ ने भागून येणारा आकडा लेबलवर शोधावा.

वरच्या खोलीसाठी ४,३०० भागिले ०.९ म्हणजे सुमारे ४,७८० वॉट येतात. ५,००० वॉटच्या आसपासचे, म्हणजे दीड टन नावाने मिळणारे यंत्र येथे योग्य ठरते. तळमजल्यावरच्या खोलीला सुमारे ३,१८० वॉट पुरतात, म्हणजे तेथे एक टनाचे यंत्र बसते. चौरस फुटांच्या हिशेबाने दोन्ही खोल्यांना एकच उत्तर मिळाले असते.

बाहेरचा भाग भिंतीला चिकटवून, पत्र्याच्या आडोशाखाली कोंडून बसवला, तर तो स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा ओढतो आणि घट दहा टक्क्यांवर थांबत नाही. सावली हवी, पण मोकळी हवाही हवी.

यंत्राआधी छत

वरच्या खोलीच्या भारात छताचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक पांढरा रंग दिला, तर परिणामी फरक ३० अंशांवरून १९ अंशांपर्यंत उतरतो आणि छतातून येणारी उष्णता सुमारे ९४० वॉटवर येते. खिडकीबाहेर ताटी, वाळ्याचा पडदा किंवा दाट हिरवी जाळी लावली, तर ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडते. आतला पडदा हे काम अर्धेही करत नाही, कारण त्याच्यापर्यंत आलेले ऊन काच ओलांडून आलेले असते. बाहेरच्या आडोशाने खिडकीचा भार ५५० वरून सुमारे ३१० वॉट होतो. या दोन उपायांनी एकूण भार ३,५१० वॉटपर्यंत खाली येतो.

याला ०.९ ने भागले तर ३,९०० वॉट लागतात, म्हणजे एक टनाचे यंत्र अजूनही तोकडेच आहे. मात्र या खोलीत आतले तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे २०० वॉट वाचतात. पंखा चालू ठेवून २६ ऐवजी २८ अंशांवर समाधान मानले, तर भार ३,११० वॉट होतो आणि एक टन जेमतेम पुरतो. भारतात विकल्या जाणाऱ्या तारांकित यंत्रांत २०२० पासून सुरुवातीचे तापमान २४ अंश ठरवून दिलेले आहे. त्याखाली १८ वर नेल्याने खोली लवकर थंड होते हा समज साध्या यंत्राच्या बाबतीत निराधार आहे, कारण त्याचा कॉम्प्रेसर दोन्ही वेळा त्याच गतीने चालतो.

चुना धुळीने मळतो व पावसात धुपतो. त्यामुळे वरील लाभ दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्ची पुन्हा रंगवली तरच टिकतो. केवळ पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत दर चौरस मीटरमागे २०० वॉटहून अधिक उष्णता येऊ शकते. वरच्याच मापाच्या खोलीत नुसत्या छतातूनच ३,००० वॉट होतात. अशा ठिकाणी आधी छताखाली आवरण बसवावे, यंत्राचा विचार नंतर करावा.

माणसांची संख्या

घरातील खोलीत माणसांचा वाटा लहान असतो. झोपलेला माणूस तर जेमतेम ८० वॉट सोडतो, म्हणून दोन पाहुणे वाढल्याने क्षमतेची निवड सहसा बदलत नाही. शिकवणी वर्गात मात्र चित्र उलटे होते, आणि लातूर-नांदेड हा शिकवणी वर्गांचाच परिसर आहे. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गात नुसत्या शरीरांतून ३,६०० वॉट, म्हणजे एक टनाहून अधिक उष्णता निघते. त्याखेरीज इतक्या जणांना श्वासासाठी बाहेरची हवा द्यावी लागते. प्रत्येकामागे सेकंदाला पाच लिटर धरले, तरी ती हवा ४३ वरून २६ अंशांवर आणण्यास आणखी सुमारे ३,००० वॉट लागतात. भिंती व छत मोजण्यापूर्वीच भार जवळजवळ १.९ टन झाला. अनेक वर्गांत ही हवा न देता दारे बंद ठेवून यंत्राचा भार कमी केला जातो. मुलांना दुपारी जांभया येतात त्यात अभ्यासाच्या कंटाळ्याइतकाच कोंडलेल्या हवेचाही हात असतो.

निवड चुकल्याची लक्षणे

क्षमता कमी पडली तर यंत्र दुपारपासून एकदाही न थांबता चालते आणि तरीही तापमान २९-३० अंशांवर अडते. परंतु हेच लक्षण यंत्र बिघडल्याचेही असते. दोन्हींतला भेद साध्या तापमापकाने करता येतो. यंत्राच्या वरच्या बाजूने आत जाणाऱ्या हवेचे व खालून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान घ्यावे. पंधरा-वीस मिनिटे पूर्ण जोमाने चाललेल्या यंत्रात हा फरक साधारणतः ८ ते १२ अंश असतो. जाळी स्वच्छ आहे, वारा नेहमीसारखा येत आहे आणि फरकही तेवढा आहे, पण खोली थंड होत नाही, याचा अर्थ यंत्र आपले काम करत आहे आणि भार त्याच्या आवाक्याबाहेर आहे. फरक चार-पाच अंशांचाच असेल तर गॅस कमी झाला असण्याची किंवा बाहेरच्या भागात धूळ बसली असण्याची शक्यता तपासावी. अशा वेळी मोठे यंत्र घेणे हा व्यर्थ खर्च होय. वारा मंद असेल तर आधी जाळी धुवावी व मगच मोजावे.

तापमापक २६ अंश दाखवत असूनही वरच्या मजल्यावर उकडल्यासारखे वाटते, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. हवा थंड झालेली असते, पण छताचा खालचा पृष्ठ ४० अंशांच्या पुढे असतो आणि तो खाली बसलेल्यांवर उष्णता फेकत राहतो. येथेही उपाय गच्चीवर आहे.

क्षमता जास्त झाल्याचा त्रास मे महिन्यात जाणवत नाही. तो जुलै-ऑगस्टमध्ये जाणवतो. साध्या, एकाच गतीने चालणाऱ्या यंत्रात खोली पाच-सात मिनिटांत थंड होते व कॉम्प्रेसर थांबतो. हवेतील बाष्प काढण्यासाठी थंड नळ्यांवरून हवा बराच वेळ फिरावी लागते. तेवढा वेळच मिळत नाही. खोली गार पण दमट राहते, चादरी ओलसर लागतात. इन्व्हर्टर यंत्र आपली गती कमी करू शकते, म्हणून त्यात ही चूक बरीचशी झाकली जाते. तरीही गती कमी करण्याला खालची मर्यादा असते आणि ती ओलांडल्यावर तेही साध्या यंत्रासारखेच चालू-बंद होत राहते.

कूलर आणि एसी एकाच वेळी चालवण्याची सवय काही घरांत आढळते. कोरड्या मे महिन्यात कूलर स्वतंत्रपणे चांगले काम देतो. पण तो बाहेरची हवा सतत आत ओढतो व तिच्यात बाष्प मिसळतो. वरील हिशेबात तासाला एकदा हवा बदलते असे धरले होते. कूलर तीच हवा कित्येक पटींनी बदलतो, आणि मग कोणत्याही टनाचा हिशेब लागू होत नाही.